अधांतरी लोहचुंबक

श्रोतेहो, नमस्कार. विद्युतचुंबकाच्या खाली छोटे लोहचुंबक हवेत तरंगत ठेवणे सोपे वाटते. वरची ओढ आणि खालचे वजन सारखे केले की झाले. पण चुंबक केसभर वर सरकले की ओढ वाढून ते कॉइलला चिकटते आणि केसभर खाली गेले की ओढ घटून ते पडते. नुसत्या स्थिर चुंबकांनी असा टिकाऊ तोल साधत नाही, हे सॅम्युअल अर्नशॉ यांनी १८४२ मध्येच दाखवले होते. म्हणून कॉइलच्या तळाशी चुंबकीय क्षेत्र मोजणारा हॉल सेन्सर बसवतात. चुंबक जवळ आले की तो प्रवाह कमी करवतो, लांब गेले की वाढवतो. आडव्या दिशेला मात्र चुंबक आपोआप मधोमध येते, त्यामुळे एक सेन्सर पुरतो.

मी पहिले यंत्र केले तेव्हा कॉइल उद्यमनगरातील एका मोटार रिवाइंडिंगवाल्या मित्राकडून गुंडाळून घेतली. (तयार संच मागवण्यापेक्षा अशा हातांकडे जावे, असे माझे हट्टी मत आहे.) आम्ही चुंबक खाली धरले आणि हळूच हात सोडला. ते क्षणभर तरंगले, मग वरखाली थरथरू लागले, थरथर वाढत गेली आणि ते टेबलावर आदळले. मी प्रवाह वाढवला, तर ते आणखी लवकर आदळले. दहा वेळा हेच घडले. शेवटी मित्र म्हणाला, "सर, तुमचं यंत्र चूक झाल्यावर जागं होतंय."

त्याने नेमके दुखणे सांगितले होते. कॉइलमधला प्रवाह बदलायला वेळ लागतो आणि उशिरा आलेली ओढ, झोपाळ्याला चुकीच्या वेळी दिलेल्या झोक्यासारखी, हेलकावा वाढवते. म्हणजे चुंबक कुठे आहे एवढे कळून भागत नाही. ते किती वेगाने सरकते आहे, हेही कळावे लागते. आम्ही सेन्सरच्या वाटेतील १०० किलोओहमच्या रोधाला समांतर ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर जोडला. त्यातून संथ बदल फारसा जात नाही, झटपट बदल मात्र लगेच पुढे जातो, आणि दुरुस्ती हालचालीच्या आरंभीच सुरू होते. चुंबक शांतपणे लटकले.

चुंबक नसतानाही कॉइल गुणगुणत असेल, तर दोष निराळा आहे. सेन्सर तेव्हा कॉइलचेच क्षेत्र चुंबकाचे समजून बसलेला असतो. कॉइलच्या वरच्या टोकाला दुसरा सेन्सर लावून दोघांतील फरक घेतला की कॉइलचे क्षेत्र वजा होते आणि चुंबकाचे तेवढे उरते.

आमचे चुंबक लटकले खरे, पण अर्ध्या तासात कॉइल हाताला चटका बसण्याइतकी तापली. चुंबक फार खाली ठेवल्याने सारे वजन प्रवाह पेलत होता. मित्राने ते थोडे वर घ्यायला लावले. तेथे कॉइलमधील लोखंडी गाभ्याकडे असलेली चुंबकाची स्वतःचीच ओढ जवळजवळ सगळे वजन पेलते, आणि प्रवाहाकडे केवळ तोल सावरण्याचे काम उरते.