अडीच मिनिटांची मेल

नमस्कार श्रोतेहो. मी यंत्रांच्या माहितीपुस्तिका मराठीत आणते. पंप, फवारणी यंत्रं, पिठाच्या गिरण्या, अशा वस्तूंच्या खोक्यात जे पुस्तक येतं आणि बहुतेकदा खोक्यातच राहतं, ते. आज मी माझीच एक मेल तुमच्यापुढे उलगडणार आहे. शेतीपंप बनवणाऱ्या एका कारखान्याला काम मिळावं म्हणून मी ती पाठवली होती. महिना उलटला, उत्तर नाही.

मग ती मेल मी मोठ्याने वाचून पाहिली. ३१० शब्द. वाचायला अडीच मिनिटं लागली. सुरुवात अशी: ‘सविनय नमस्कार, मी गेली नऊ वर्षं अनुवादाच्या क्षेत्रात कार्यरत असून...’ पुढे माझं शिक्षण, माझी भाषेवरची निष्ठा, सोबत जोडलेली तीन प्रमाणपत्रं. कारखान्याचा उल्लेख फक्त ‘आपल्या नामांकित संस्थेस’ एवढाच. शेवटी चार विनंत्या होत्या: दरपत्रक पाठवू का, फोनवर बोलू या का, भेटायला येऊ का, आणि पुढे कधी संधी असल्यास अवश्य कळवावे. शेवटची तर विनंतीच नव्हे. ती वाचणाऱ्या माणसाने नेमकं काय करायचं? काहीच नाही. त्याने तेच केलं.

कात्री लावताना मी एकच प्रश्न धरला: हे वाक्य दुसऱ्या एखाद्या कारखान्याला जसंच्या तसं पाठवता येईल का? येत असेल, तर काट. जवळजवळ सगळं गेलं. चौथ्या परिच्छेदात एक वाक्य उरलं, तेही मी जाताजाता लिहिलेलं: ‘आपल्या सध्याच्या मराठी मजकुरात काही सुधारणांना वाव आहे.’ कुठल्या सुधारणा, ते मी लिहिलंच नव्हतं. पुस्तिका तर माझ्या टेबलावर होती. पान १२ वर छापलं होतं, ‘पंपाची कोरडी धाव टाळा.’

इंग्रजीतल्या ‘ड्राय रन’चं हे भाषांतर. अर्थ असा की आत पाणी नसताना पंप चालवू नका. पंपातलं मेकॅनिकल सील पाण्यामुळे थंड आणि ओलं राहतं. पाणी नसलं की ते घासून तापतं आणि जळतं. ‘कोरडी धाव’ वाचून शेतकऱ्याला यातलं काय कळेल? मेलचं पहिलं वाक्य मला तिथे मिळालं.

इथे एक घसरण आहे. आधी मी लिहिलं, ‘आपल्या पुस्तिकेत गंभीर चुका आहेत.’ ज्याने ती छापून घेतली, तोच माणूस हे वाचणार! म्हणून दोष देणारा शब्द काढला. वाक्य आणि त्यातून शेतकऱ्याला काय कळतं, एवढंच ठेवलं.

दुसरं वाक्य माझ्याबद्दल, पण त्याच कामापुरतं. पदवी गेली, प्रमाणपत्रं गेली. तिसऱ्यासाठी सर्वांत जास्त वेळ लागला. अख्ख्या ४८ पानांचं काम मागणं अनोळखी माणसाकडे फार मोठं; अर्ध्या तासाची भेटही मोठीच. मागणी अशी हवी की मोबाइलवर एका शब्दात उत्तर देता यावं. तर मेल अशी झाली, ऐका.

विषय: पुस्तिकेचं पान १२.

‘नमस्कार साहेब, तुमच्या मराठी पुस्तिकेत पान १२ वर “पंपाची कोरडी धाव टाळा” असं आहे, त्यातून पाण्याशिवाय पंप चालवू नये हे शेतकऱ्याला कळणार नाही, असं मला वाटतं. मी नऊ वर्षं शेतीयंत्रांच्या पुस्तिका मराठीत करते आणि छापण्याआधी मजकूर दोन शेतकऱ्यांना वाचून दाखवते. हे एक पान विनामूल्य करून शुक्रवारी पाठवू का?’

खाली नाव आणि फोन नंबर, बस. वाचायला अर्धा मिनिटही लागत नाही. ‘विनामूल्य’ एका पानापुरतंच, हे मी मनाशी ठरवलं होतं. दहा पानं फुकट देऊ केली, तर दराची बोलणी शून्यापासून सुरू होतात. आणि ही मेल कारखान्याच्या सर्वसाधारण पत्त्यावर टाकली नाही. पुस्तिका कोण छापून घेतं, ते फोन करून विचारलं, मगच त्यांच्या नावाने पाठवली.

निविदा असेल तर मात्र हा प्रकार चालत नाही. तिथे मागितलेला प्रत्येक कागद जोडावाच लागतो. आणि ज्या कारखान्याची पुस्तिका मी पाहिलेलीच नाही, त्याला पहिलं वाक्य लिहिताच येत नाही. अशांना मी आता मेल पाठवत नाही.

पंपवाल्यांचं उत्तर दुसऱ्या दिवशी दुपारी आलं. ‘पाठवा. पान १४ पण बघा.’ दराचा विषय त्यांनीच काढला, तिसऱ्या मेलमध्ये.