कोरं अस्तर आणि काखेतली खाज

(ठाण्यातल्या वाचनालयाच्या हॉलमधलं व्याख्यान, थोडं नीटनेटकं करून)

मला पाऊण तास दिलाय, म्हणजे चाळीस मिनिटं, कारण पाच मिनिटं माझी ओळख करून देण्यातच गेली. मी डॉक्टर नाही हे आधीच सांगतो. डाईंगमध्ये आयुष्य गेलं, कपडा रंगवायचा, धुवायचा, वाळवायचा. त्यामुळे नव्या कपड्याने अंगाला खाज का सुटते हे मी कपड्याच्या बाजूने सांगणार.

आपल्याकडे नवा कपडा कोराच घालायचा. कुंकवाचं बोट लावायचं, देवापुढे ठेवायचा आणि थेट अंगावर. धुवून घाल म्हटलं की घरातल्या बायका माझ्याकडे असं बघतात जणू मी मोदकात मीठ घाल म्हणालो (हसू नका, आमच्या घरी हे खरंच झालंय). आणि टेलर म्हणतो धुऊ नका, फिनिशिंग जाईल. अहो, ते जावं म्हणूनच तर धुवायचं.

आता भाचीची गोष्ट. लग्नसराई, नेव्ही ब्ल्यू ब्लाउज, आतलं अस्तर मॅचिंगवाल्याकडचं, गडद निळं पॉलिएस्टर. साखरपुड्याला घातला, काही झालं नाही. तीन आठवड्यांनी लग्नाला तोच घातला आणि दुसऱ्या दिवशी दोन्ही काखांच्या कडेने लाल चट्टे, पाठीवर शिवणीच्या रेषेत पुरळ. घरच्यांनी ठरवलं घामोळं. मग कोणीतरी म्हणालं नायटा, आणि केमिस्टकडून स्टिरॉइड मिसळलेली ट्यूब आली. ही ट्यूब लावून आपण नायटा लपवतो आणि वाढवतो, पण तो वेगळा विषय, त्यावर मी तासभर बोलू शकतो, बोलत नाही.

मी तिला एकच विचारलं, काखेच्या खळग्यात आहे की कडेला? म्हणाली खळगा साफ आहे, कडेला आहे. डिओडरंटचा त्रास बहुतेक खळग्यात होतो, कपड्याचा जिथे कापड घासतं आणि घाम मुरतो तिथे, म्हणजे काखेची कड, कोपराच्या आत, कमरेचा पट्टा. ॲलर्जीला आधी शरीराची ओळख लागते, त्यात साधारण एक-दोन आठवडे जातात, म्हणून पहिल्यांदा काहीच होत नाही आणि पुढच्या वेळी एक-दोन दिवसांत पुरळ उठतं. लोक म्हणतात, पण आधी घातला होता की! तिथेच फसतात. त्वचेच्या डॉक्टरांनी पॅच टेस्ट केली, पाठीवर पट्ट्या चिकटवल्या, दोन दिवसांनी काढून बघितलं, परत दोन दिवसांनी बघितलं. डिस्पर्स ब्ल्यू १०६ आणि १२४ या दोन रंगांखालची त्वचा लाल झाली. ही जोडी या प्रकारातली ओळखीची गुन्हेगार.

डिस्पर्स रंग पाण्यात जवळजवळ विरघळत नाहीत. पॉलिएस्टर याच रंगांनी १३० डिग्रीला प्रेशरखाली रंगवतात तेव्हा रंग धाग्याच्या आत शिरतो, पण थोडा वरच बसतो. तो काढायला कॉस्टिक सोडा आणि रंग तोडणारं हायड्रो घालून गरम वॉश देतात, आम्ही त्याला रिडक्शन क्लिअरिंग म्हणतो. वेळ वाचवायला हीच स्टेप कापतात, स्वस्त अस्तरात तर हमखास. वर सिलिकॉन सॉफ्टनर देऊन कापड जोरात तापवलं की आतला रंगही पुन्हा वर येतो, हात लावला तर मऊ मऊ, ग्राहक खूश.

अध्यक्ष घड्याळ दाखवतायत, भजनी मंडळाला हॉल हवाय. बरं, मुख्य मुद्दा राहिलाच, धुण्याचा.

नवा गडद कपडा आतून उलटा करून डिटर्जंटमध्ये, लेबल चालू देत असेल तर ४० डिग्रीला, एकटाच, मशीन गच्च न भरता, आणि जास्तीचा रिन्स. वरचा सुटा रंग आणि सॉफ्टनर बराच जातो. मिठाच्या पाण्याने रंग पक्का होतो हे विसरा, मीठ सुती कापड रंगवताना टाकीत लागतं, नंतर बादलीत टाकून काही होत नाही. रिंकल-फ्री शर्टमध्ये वेगळी भानगड, त्यात फॉर्मल्डिहाइड सोडणारं रेझिन असतं. सुटं फॉर्मल्डिहाइड पाण्यात विरघळतं म्हणून पहिल्या धुण्याने पुष्कळ कमी होतं, पण रेझिन घामाने आणि गरमीने थोडं थोडं सोडत राहतं. त्यामुळे ज्याला ॲलर्जी आधीच आहे त्याने नुसत्या धुण्यावर भरवसा ठेवू नये, रंगाचंही तसंच.

घरी बघायचं तर पांढरा सुती रुमाल ओला करून अस्तरावर दहा-बारा वेळा दाबून घासा. निळा झाला तर परत धुवा, परत घासा. दोन-तीन धुण्यांनंतरही निळा होत असेल तर तो कपडा अंगाला लावू नका, आणि रुमाल पांढरा राहिला म्हणून ॲलर्जी असलेल्यांनी निर्धास्त व्हायचं नाही. भाचीने अस्तर उसवून पांढरं सुती लावलं, ब्लाउज तोच आहे, पुरळ नाही. हो हो, आत या, पेटी इकडे ठेवा, प्रश्न असतील तर मी खाली जिन्यापाशी थांबतो.