घड्याळ कोणत्या क्षणी सुरू करायचे?

मित्रहो, आजचा विषय प्यायलेली साखर शरीर कितपत आवरते हे पाहणारी ग्लुकोज टॉलरन्स टेस्ट हा असला, तरी मला खरे बोलायचे आहे ते या चाचणीतल्या घड्याळाविषयी. कारण साखर मोजणारे यंत्र चोख असते, गफलत होते ती वेळेत.

माझाच अनुभव सांगतो. रात्रभर उपाशी राहून मी एका प्रयोगशाळेत गेलो, उपाशीपोटीचे रक्त दिले आणि 75 ग्रॅम ग्लुकोज विरघळवलेले पाणी हाती आले. ते पाच मिनिटांत संपवायचे असते. पण इतके गोड पाणी घशाखाली उतरेना, म्हणून मी घोट घोट करत पंधरा मिनिटे लावली. पहिला घोट 7 वाजून 10 मिनिटांनी घेतला होता; तंत्रज्ञाने मात्र रिकामा पेला परत घेताना 7.25 ही वेळ लिहिली. पुढे रांग लागली आणि दुसरे रक्त 9.40 ला निघाले. अहवालावर 'दोन तासांनंतर : 134' असे छापून आले. वास्तविक पहिल्या घोटापासून अडीच तास झाले होते! घरी सगळे खूश. हिशोब करत बसलेला मी एकटाच.

हा हिशोब असा. पोटातले ग्लुकोज रक्तात उतरू लागले की स्वादुपिंड इन्सुलिन सोडते, त्यामुळे यकृत आपल्याकडची साखर सोडणे आवरते आणि स्नायू रक्तातली साखर ओढून घेतात. निरोगी माणसात साखर साधारण अर्ध्या ते एका तासात शिखर गाठते आणि दोन तासांपर्यंत बरीच खाली येते. म्हणजे दुसरे रक्त उतारावर असताना घेतले जाते. ते उशिरा घेतले तर आकडा कमी भरतो, लवकर घेतले तर जास्त. पहिल्या घोटापासून बरोबर दोन तासांनी 140 च्या आत असेल तर ठीक, 140 ते 199 म्हणजे सहनशीलता घटलेली आणि 200 पासून पुढे मधुमेह, अशा या सीमा त्याच क्षणासाठी ठरवलेल्या आहेत.

नंतर मी चाचणी नियमाप्रमाणे पुन्हा केली, तेव्हा 151 आले. मात्र सगळा दोष घड्याळावर टाकणे अन्यायाचे होईल, कारण एकाच माणसाचा हा आकडा दोन दिवसांत एरवीही बराच हलतो.

अध्यक्षांनी घंटेकडे हात नेला आहे, म्हणून उरलेले भराभर सांगतो. आधीचे तीन दिवस नेहमीसारखे जेवावे. भात-पोळी तोडून गेल्यास आकडा खोटा चढतो. मधल्या काळात बसून राहावे, कारण चालणारे स्नायू इन्सुलिनची वाट न पाहता साखर ओढतात. उलटी झाली तर चाचणी रद्द करून दुसऱ्या एखाद्या दिवशी करावी. गरोदरपणात याच 75 ग्रॅमच्या चाचणीत एका तासाचे रक्तही घेतात. तेथे उपाशीपोटी 92, एका तासाला 180 आणि दोन तासांना 153 यांपैकी एक सीमा गाठली तरी गरोदरपणातल्या मधुमेहाचे निदान होते. आणि नळीतल्या रक्तपेशी साखर खातच राहतात, त्यामुळे रक्त काढल्यावर तासभर बाकावर पडलेली नळी वेळेवर काढलेल्या रक्ताचाही आकडा खाली आणते.