स्फुटातली हिरवळ

अध्यक्ष महोदय आणि शिक्षक मित्रहो,

विषय अग्रलेखावरच्या प्रश्नांचा आहे, पण मी वर्गात अग्रलेखाखालचं स्फुट घेतो. तासाभरात तेवढंच मावतं. मुलांसाठी मीच रचलेलं एक स्फुट वाचतो.

‘शहराला सोमवारपासून दिवसाआड पाणी मिळते. धरणात तीस टक्के साठा उरल्याचे नगरपालिका सांगते. गळक्या जलवाहिन्या वेळीच बदलल्या असत्या तर ही पाळी आली नसती. मुख्याधिकाऱ्यांच्या बंगल्यापुढची हिरवळ मात्र अजून डोळ्यांना गारवा देते.’

पहिलं वाक्य वस्तुस्थितीचं, नळापाशी उभं राहून तपासता येतं. माझं जुनं दुखणं आहे ते दुसरं. अशाच वाक्यावर एका सराव परीक्षेत प्रश्न होता, ‘उताऱ्यातील एक तथ्य लिहा.’ आदर्श उत्तर होतं, ‘धरणात तीस टक्के साठा आहे.’ एका मुलीनं लिहिलं, ‘साठा तीस टक्के आहे असं नगरपालिका म्हणते.’ तिला शून्य! मी तपासनीसांना गाठलं. ते म्हणाले, “मग नगरपालिका खोटं बोलते का?” अहो, तसं तिनं कुठं म्हटलंय? नगरपालिकेवर इतका विश्वास ठेवणारा माणूस मी नगरपालिकेतसुद्धा पाहिलेला नाही. (हशा) उताऱ्यावरून आपल्याला एवढंच कळतं की नगरपालिकेनं तसं सांगितलं. आकडा तपासण्याजोगा आहे, पण तपासल्यावर तो चुकीचाही निघू शकतो. तपासता येणं वेगळं आणि खरं असणं वेगळं, हे त्या मुलीला कळलं होतं, उत्तर छापणाऱ्याला नाही.

तिसरं वाक्य मुलं हमखास तथ्यात टाकतात, कारण त्यात ‘आम्हाला वाटते’ नाही. संपादक तसं क्वचितच लिहितो. वाहिन्या गळतात का, हे बघता येईल. पण बदलल्या असत्या तर टंचाई टळली असती, हे कोण मोजणार? जे घडलंच नाही त्याबद्दलचा तो निवाडा आहे, म्हणजे मत.

अध्यक्षांची चिठ्ठी आली. आणि खरा विषय, सूचित अर्थ, राहिलाच! भराभर सांगतो.

६ जुलै १८९७च्या ‘केसरी’तला मथळा आठवा, ‘सरकारचे डोके ठिकाणावर आहे काय?’ व्याकरणानं प्रश्न, पण उत्तर वाचकाच्या तोंडी आधीच तयार. आमच्या चौथ्या वाक्यातही तसंच. हिरवळ हिरवी आहे, हे तथ्यच. टोमणा आहे तो ‘मात्र’मध्ये आणि वाक्याच्या जागेत. ‘मात्र’ काढा, वाक्य बागकामाच्या सदरात नेऊन ठेवा, टोमणा गेला. लोकांच्या टंचाईची झळ साहेबांना लागत नाही, इतकंच लेखक सुचवतो. ‘साहेब पाणी चोरतात’ असं कुणी लिहिलं, तर तो अर्थ उताऱ्यातला नाही. बंगल्यात बोअरवेलही असेल.

म्हणून प्रश्न असा काढा: ‘चौथ्या वाक्यातून लेखक काय सुचवतो? कोणत्या शब्दांवरून?’ तीन गुणांपैकी दोन त्या ‘कोणत्या शब्दांवरून’ला ठेवा. पहिल्या भागाचं उत्तर गाईडमध्ये मिळेल, दुसऱ्यासाठी उतारा वाचावा लागतो.