रबरबँड लावलेला फोन

श्रोतेहो, नमस्कार. बेळगावात मी गेली बरीच वर्षं मोबाईल दुरुस्तीचं काम करतो. आज एकाच गोष्टीवर बोलणार आहे, ती म्हणजे फुगलेली बॅटरी. कारण ती घेऊन येणाऱ्यांपैकी बहुतेकांनी तिच्याशी नको ते करून झालेलं असतं.

गेल्या पावसाळ्यात खानापूरकडच्या एका खेड्यातून एक काकू आल्या. पिशवीतून फोन काढला, तर त्याला दोन रबरबँड गुंडाळलेले. मुलगा गोव्याला कामाला आहे, त्यानं तीन वर्षांपूर्वी घेऊन दिलेला फोन. स्क्रीन डाव्या बाजूनं उचलली होती, फटीत नख जाईल एवढी. काकू म्हणाल्या, "गोंद सुटलाय बघा. रबर लावलं की बसतंय, काढलं की परत वर येतंय. जरा दाबून बसवून द्या की."

मी रबरबँड काढले आणि फोन टेबलावर स्क्रीन खाली करून ठेवला. एका कोपऱ्याला हलकं बोट लावलं तर फोन पाळण्यासारखा डुलला. मग स्क्रीनवर पट्टी आडवी धरली. पट्टी मधोमध टेकली आणि दोन्ही कडांखालून उजेड दिसला. नुसता गोंद सुटला असता तर काच सपाटच राहिली असती. मधला भाग वर आलाय म्हणजे आतून काहीतरी ढकलतंय. ही परीक्षा तुम्हालाही घरी करता येईल. मात्र फोन बंद करून करा, आणि पट्टी फक्त टेकवा, दाबू नका. ज्या फोनची काच मुळातच कडेला वळवलेली असते, त्याला पट्टी लागू नाही. तिथं कडेची फट बघायची. फोन बंद करण्याआधी अंधारात बघितलं तर त्या फटीतून स्क्रीनचा उजेड बाहेर येतो. स्क्रीनच्या मधे पिवळट किंवा पांढरा डाग उमटणं, बाजूचं बटण अडकायला लागणं, कव्हर अचानक घट्ट बसायला लागणं, ह्यासुद्धा त्याच खुणा.

काकूंचा पुढचा प्रश्न मला नेहमी ऐकायला मिळतो. "पण चार्जिंग तर दिवसभर टिकतंय की!" टिकत असेल. फुगणं आणि चार्जिंग टिकणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. चार्जिंग लवकर उतरतंय पण बॅटरी सपाट आहे, तर ती नुसती म्हातारी झालीय. सोयीनं बदलली तरी चालते. चार्जिंग उत्तम टिकतंय पण बॅटरी फुगलीय, तर ती आजच बाहेर काढायची. फोन बनवताना बॅटरीभोवती थोडी मोकळी जागा मुद्दाम सोडलेली असते, कारण वयानुसार ती जराशी जाड होतेच. बाहेरून फुगवटा दिसला म्हणजे ती जागा कधीच भरून गेली. म्हणून "थोडीशीच फुगलीय, बघू दिवाळीनंतर" हा हिशेब इथं चालत नाही.

आत काय होतं ते सांगतो. फोनची लिथियम बॅटरी म्हणजे ॲल्युमिनियमच्या पातळ पापुद्र्याचं चारी बाजूंनी बंद केलेलं पाकीट. त्यात दोन प्रकारच्या पट्ट्या एकावर एक घड्या घालून बसवलेल्या असतात. एका पट्टीचा दुसरीला स्पर्श होऊ नये म्हणून मधे प्लॅस्टिकचा पडदा असतो, केसापेक्षाही पातळ. हे सगळं एका ज्वलनशील द्रावणात भिजलेलं असतं. बॅटरी फार तापली, पूर्ण भरलेल्या अवस्थेत दिवसेंदिवस चार्जरला राहिली, किंवा पडून आत मार बसला, की ते द्रावण विघटित होऊन वायू सुटतो. त्यात कार्बन डायऑक्साइड असतो, तसे हायड्रोजन आणि इथिलिनसारखे पेटणारे वायूही असतात. भाकरी तव्यावर फुगते तेव्हा आतली वाफ निघून गेली की ती बसते. या पाकिटाला वाटच नाही, म्हणून ते फुगलेलंच राहतं.

आता रबरबँडनं काय केलं ते बघा. आतून वायू ढकलतोय, बाहेरून रबर आवळतंय, आणि दोघांच्या मधे तो पातळ पडदा. तो कुठं फाटला तर दोन पट्ट्या भिडतात, शॉर्ट होतो, तिथं उष्णता तयार होते, उष्णतेनं आणखी विघटन, त्यातून आणखी उष्णता. हे चक्र सुरू झालं की चार्जर काढूनही थांबत नाही. काही सेकंदांत फुसफुस, धूर, मग जाळ. तो धूर विषारी असतो. म्हणून दाबणं, सुईनं भोक पाडून हवा काढणं, फ्रिजमध्ये ठेवून बसते का बघणं, यातलं काहीही करू नका. असला फोन खिशात घालून मोटारसायकलवर बसू नका. चार्जिंगला तर मुळीच लावू नका.

काकूंना विचारलं, फोन ठेवता कुठं? "चुलीवरच्या फळीवर. पावसात सर्द होतंय ना सगळं. आणि लाईट कधी जाईल सांगता येत नाही, म्हणून चार्जरला लावूनच असतोय." कारण इथंच सापडलं. फोन साधारण ३५ अंशांपर्यंतच्या हवेसाठी बनवलेले असतात. चुलीवरची ऊब आणि वर शंभर टक्के भरलेली बॅटरी, ही जोडी तिला सर्वात जास्त झिजवते. काकूंनी फोन जपण्यासाठीच तो तिथं ठेवला होता, याचं मला फार वाईट वाटलं.

फोन उघडताना मी खिडकी उघडली, चष्मा लावला, शेजारी कोरड्या वाळूची बादली ठेवली. आधी बॅटरीचा कनेक्टर सोडवला. बॅटरी खाली चिकटवलेली असते. कडेनं आयसोप्रोपिल अल्कोहोलचे थेंब सोडून गोंद मऊ होऊ दिला, मग प्लॅस्टिकचं पातळ कार्ड आडवं सरकवत नेलं. इथं लोखंडी पट्टी किंवा स्क्रूड्रायव्हर घालून उचकटणारा कारागीर दिसला, तर त्याला तिथंच थांबवा. मूळ साडेचार मिलिमीटरची बॅटरी मधे नऊ भरली. नवी घेताना जुन्या बॅटरीवर छापलेला मॉडेल नंबर जुळवून घ्या. त्याच मापात दुप्पट क्षमता लिहिलेली स्वस्त बॅटरी खोटी असते.

दुकान गाठेपर्यंत घरी एवढं करा. फोन बंद करा, कव्हर काढा, आणि अंथरूण, पडदे, गवताची गंजी यांपासून लांब, फरशीवर किंवा मातीच्या घमेल्यात ठेवा. नेलपॉलिशसारखा गोडसर वास आला तर पाकीट गळतंय. दारं-खिडक्या उघडून लांब व्हा. जाळ झालाच तर जमेल तर मेन स्विच बंद करा, मग लांबून भरपूर पाणी ओता. एवढ्या लहान बॅटरीला पाणी थंड करतं. आवरत नसेल तर बाहेर पडा आणि ११२ ला फोन करा.

निघताना काकू म्हणाल्या, "ती जुनी द्या की, पोरं खेळतील." दिली नाही. टोकांना टेप लावून ती वाळूच्या डब्यात घातली, मागच्या पायरीवर ठेवली. घंटागाडीत गेली असती तर कचरा दाबताना तिथं पेटली असती. २०२२ च्या नियमांनी जुन्या बॅटऱ्या गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे, तेव्हा कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला किंवा ई-कचरा घेणाऱ्याकडेच ती द्या. काकूंचा फोन आता चुलीपासून लांब, माजघरातल्या देवळीत असतो, आणि चार्ज झाला की त्या वायर काढतात.