रक्त पडणाऱ्या लहान मूळव्याधीवर इन्फ्रारेड उपचार : तो कोणाला योग्य?

अडतीस वर्षांचे एक गृहस्थ माझ्याकडे आले, तेव्हा शौचानंतर लालभडक रक्ताचे थेंब पडतात, एवढीच त्यांची तक्रार होती. दुखत नव्हते आणि कोंबही बाहेर येत नव्हता. प्रॉक्टोस्कोप, म्हणजे गुदद्वारातून आत पाहण्याची आखूड नळी, घालून पाहिल्यावर आत दोन लहान, सुजलेले कोंब दिसले. वजन घटलेले नव्हते, हिमोग्लोबिन ठीक होते, शौचाच्या सवयीत बदल नव्हता आणि घराण्यात आतड्याचा कर्करोगही नव्हता. ही विचारपूस मी कधीच टाळत नाही, कारण मूळव्याध दिसली म्हणजे रक्त तिचेच असेल असे नाही, आणि वय पंचेचाळीसच्या पुढे असेल तर आधी मोठ्या आतड्याची तपासणी करावी लागते.

महिनाभर पथ्य पाळूनही रक्त थांबले नाही, म्हणून आम्ही इन्फ्रारेड उपचार ठरवला. त्यात हॅलोजन दिव्याची उष्णता काचेच्या दांडीतून आत पोहोचवतात. दांडीचे टोक कोंबावर टेकवायचे नसते, तर त्याच्या मुळाशी, म्हणजे वरच्या बाजूच्या अस्तरावर टेकवायचे असते. तेथे एक ते दीड सेकंदाचे तीन-चार ठिपके दिले की प्रत्येक जागी अस्तर पांढरे पडते आणि सुमारे तीन मिलिमीटर खोलीपर्यंत ऊतक गोठते. पुढे तेथे व्रण भरून आला की रक्तपुरवठा कमी होतो आणि अस्तर जागेवर चिकटते. त्या भागात त्वचेसारख्या संवेदना नसल्याने भूल लागत नाही, क्षणभर ऊब जाणवते; पण टोक खाली सरकले तर रुग्ण कळवळतो, आणि तेवढ्यावरूनच जागा चुकल्याचे कळते. या गृहस्थांना आठव्या दिवशी खपली सुटताना थोडे रक्त गेले, ते आपोआप थांबले. चार आठवड्यांनी दुसऱ्या कोंबावर उपचार केला.

हा उपचार पहिल्या श्रेणीच्या, म्हणजे बाहेर न येणाऱ्या, आणि दुसऱ्या श्रेणीतील, म्हणजे बाहेर येऊन आपोआप आत जाणाऱ्या, लहान कोंबांसाठीच आहे. कोंब बाहेर येऊन आपोआप आत जात असेल आणि मोठा असेल, तर त्याच्या मुळाशी घट्ट रबरी कडी बसवणे अधिक टिकाऊ ठरते, हे मी रुग्णाला स्पष्ट सांगतो, मग तिचा ठणका थोडा जास्त असला तरी. मात्र रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या चालू असतील तर कडी सुटताना मोठा रक्तस्राव होऊ शकतो. अशा वेळी इन्फ्रारेड किंवा बदामतेलातील पाच टक्के फिनॉलचे इंजेक्शन जास्त सुरक्षित. ते इंजेक्शनही अस्तराखालीच राहायला हवे, कारण पुरुषांत पुढच्या बाजूला सुई खोल गेली तर प्रोस्टेटला इजा होते आणि लघवीतून रक्त येते. बाहेरच्या, त्वचेने झाकलेल्या कोंबांवर यांपैकी काहीच करू नये.

यांपैकी कोणत्याही उपचारानंतर ताप, वाढत जाणारे दुखणे आणि लघवी अडणे ही तिन्ही लक्षणे दिसली, तर ती खोलवर पसरणाऱ्या संसर्गाची असू शकतात. रात्र असली तरी त्याच वेळी रुग्णालय गाठावे.