नंबर तोच, डबा दुसरा

(दृश्य: फोंडा, वरचा बाजार. सकाळ. पावसाची सर. पार्लरचं शटर वर जातं.)

फोंड्याच्या वरच्या बाजारातलं हे पार्लर सकाळी दहाला उघडतं. आज पहिल्या तासाला गिऱ्हाईक नाही. टेबलावर एक वेणी ठेवलेली आहे. शेजारच्या वाड्यातल्या काकींनी परवा केस आखूड केले, आणि कापायच्या आधी पार्लरच्या ताईंनी कानशिलाजवळचे पांढरे केस वेगळे बांधून घेतले. काकींनी आयुष्यात कधी केसांना डाय लावलेला नाही. केसांच्या रंगाचा नंबर तोच, पण कंपनी दुसरी, तर रंग तोच येतो का, हे आज बघायचंय. त्याला नेमके असेच केस लागतात.

(दृश्य: दोऱ्याने बांधलेल्या बटा, जवळून.)

चार बटा. दोन काळ्या, दोन पांढऱ्या. सोनाराकडे असतो तसल्या छोट्या काट्यावर प्रत्येक बट पाच ग्रॅम तोलून घेतली. एकाच डोक्यावरचे, एकाच वयाचे, एकाच तेलावर वाढलेले केस.

(दृश्य: दोन ट्यूब. नावांवर पांढरी चिकटपट्टी, नंबर दिसतो.)

आणि या दोन ट्यूब. कंपन्या दोन, नंबर एकच: ५.१. टिंबाच्या आधीचा आकडा रंगाची खोली सांगतो. एक म्हणजे काळा, दहा म्हणजे अगदी फिका सोनेरी, पाच म्हणजे फिकट तपकिरी. टिंबानंतरचा आकडा झाक सांगतो. दोन्ही डब्यांवर त्या एकचा अर्थ ‘ॲश’, म्हणजे राखाडी झाक, असाच छापलेला आहे. काउंटरवरचा पोरगा ‘ताई, नंबर तोच आहे, घेऊन जा’ म्हणतो, तेव्हा तो खोटं बोलत नसतो.

(दृश्य: दोन शेड कार्डं शेजारी शेजारी.)

पण ही कार्डं बघा. डावीकडचा पाच आणि उजवीकडचा पाच यांत जवळजवळ एका पायरीचा फरक आहे. उजवीकडचा पाच डावीकडच्या चारच्या शेजारी जाऊन बसतो. पाच म्हणजे नेमका किती गडद, हे प्रत्येक कंपनी आपल्या घरी ठरवते. सगळ्यांना बांधून घेईल असं माप या धंद्यात नाही. शिवाय कार्डावरचे हे झुपके बहुतेकदा नायलॉनचे असतात. खाली काळा रंग नसलेल्या धाग्यावर रंग कसा दिसतो, एवढंच ते दाखवतात.

टिंबानंतरच्या आकड्याची गंमत तर आणखी मोठी. व्यावसायिक रंगांत लोरेआलच्या पद्धतीत दोन म्हणजे जांभळट झाक. वेला कंपनीच्या पद्धतीत दोन म्हणजे मॅट, हिरवट. त्यामानाने आमच्या ५.१ चं भांडण घरातलंच म्हणायचं, निदान नाव तरी दोघांचं एक आहे.

(दृश्य: वाटी, ब्रश, क्रीम पिळताना. पांढरी क्रीम हळूहळू गडद होते.)

ट्यूबमधून येतं ते पांढरं. यात तयार रंग नाही. आहेत ते लहान, जवळपास बिनरंगी रेणू. अमोनियामुळे केस फुगतो आणि ते आत शिरतात. क्रीममध्ये कालवायच्या डेव्हलपरमधलं पेरॉक्साइड त्यांची आतच गाठ मारून देतं. गाठ बसली की रेणू मोठा होतो, रंगीत होतो, आणि आल्या वाटेने बाहेर पडू शकत नाही.

(दृश्य: डब्याची बाजू, बारीक अक्षरं. कॅमेरा जवळ जातो.)

आता हे बारीक अक्षर, जे कुणीच वाचत नाही. गाठ बसते ती दोन रेणूंच्या जोडीची. दोन्ही डब्यांत पहिला जोडीदार एकच आहे, पीपीडी नावाचा रेणू. दुसरा जोडीदार मात्र वेगळा. पहिल्या डब्यात रिसॉर्सिनॉल वरच्या क्रमांकावर आहे. पीपीडीशी त्याची जोडी जमली की हिरवट तपकिरी रंग तयार होतो. दुसऱ्या डब्याच्या यादीत २,४-डायअमिनोफिनॉक्सीइथेनॉल आहे. नाव उच्चारताना ताईंची दोनदा जीभ अडखळली, पण काम त्याचं सरळ आहे: पीपीडीबरोबर तो निळ्याकडे जाणारा रंग देतो. म्हणजे एका कंपनीची राख हिरव्यावर उभी आहे आणि दुसरीची निळ्यावर.

(दृश्य: बटांवर ब्रश. फॉइलची घडी. भिंतीवरचं घड्याळ.)

दोन्हीकडे २० व्हॉल्यूमचा, म्हणजे सहा टक्क्यांचा डेव्हलपर. प्रमाण मात्र ज्याच्या त्याच्या कागदाप्रमाणे. पहिल्याचं एकास एक: तीस ग्रॅम क्रीम, तीस डेव्हलपर. दुसऱ्याचं एकास दीड: तीसला पंचेचाळीस. वेळ दोघांनाही पस्तीस मिनिटं.

(दृश्य: नळाखाली बटा. मग व्हरांडा. पाऊस थांबलेला, ऊन.)

ट्यूबलाइटखाली काळ्या बटा सारख्याच दिसतात. म्हणून ताई त्या व्हरांड्यात आणतात. घाई करू नका, नीट बघा.

काळ्या बटा आधी. पेरॉक्साइड केसाचा मूळ काळा रंगही थोडा उतरवतं, एखाददुसरी पायरी, आणि आपल्याकडच्या काळ्या केसाखालून तेव्हा लाल वर येतो. त्या लालाला हिरवा मारतो. म्हणून पहिल्या डब्याची बट बघा, शांत, मातकट तपकिरी. निळा मारतो नारिंगीला, लालाला नाही. उलट लालात मिसळून जांभळ्याकडे झुकतो. दुसऱ्या डब्याची बट उन्हात फिरवली की ती झाक चमकून जाते.

आता पांढऱ्या बटा. इथे खाली लाल नाहीच, त्यामुळे मारायला समोर कुणी नाही. जो रंग आत गेला तोच दिसतो. पहिली बट शेवाळलेल्या भिंतीसारखी झाली आहे. दुसरी पोलादी, निळसर, आणि डेव्हलपर जास्त घेऊनही पहिलीपेक्षा गडद.

काळ्या केसावर ज्या डब्याने छान काम केलं, पांढऱ्यावर तोच फसला. डब्यांत चांगला-वाईट असं काही नाही. पण डोक्यावर दोन्ही तऱ्हेचे केस असतील, तर डबा बदलणं म्हणजे कृतीच बदलणं.

(दृश्य: पाचवी बट, पांढरी.)

ही पाचवी बट ताईंच्या आग्रहाची. पहिलीच ट्यूब, पण हात बसलाय तसं एकास दीड कालवून लावलेली. रंग पातळ बसला, मधूनमधून पांढरं दिसतंय. एकास एकसाठी बनवलेल्या क्रीममध्ये रंग त्याच हिशेबाने भरलेला असतो. डेव्हलपर वाढवला की तो विरळ होतो.

(दृश्य: ताई कपाटातून वही काढतात.)

गेल्या वर्षी नेहमीचा डबा संपला होता, दुसरा आणला आणि लग्नाच्या दोन दिवस आधी एका मुलीच्या आईची कानशिलं हिरवट झाली. वरून तांबूस शेड देऊन निभावलं.

तेव्हापासून ही वही. पानावर गिऱ्हाइकाचं नाव नंतर येतं, आधी कंपनी, नंबर, प्रमाण, मिनिटं. डबा नवा असला की कानामागची पेन्सिलीएवढी बट आधी रंगवायची, तीही पांढरी असलेल्या जागेची, धुवायची, वाळवायची आणि व्हरांड्यात नेऊन बघायची. ओल्या केसावर निकाल द्यायचा नाही, ओला केस गडदच दिसतो. ॲलर्जीची चाचणी वेगळी, ती अठ्ठेचाळीस तास आधी. ही चाचणी फक्त रंगाची.

(दृश्य: पाचही बटा चिकटपट्टीने वहीत लावल्या जातात. दारात काकी.)

काकी बाजारातून परत येताना डोकावतात. पाचही बटा हातात घेऊन बघतात. ताई विचारतात, “काकी, तुमच्यासाठी यातला कुठला?”

काकी म्हणतात, “मला काही लावायचं नाही गो. उरलेली वेणी तेवढी दे.”

(दृश्य: पिशवीत वेणी. काकी पायऱ्या उतरतात. पाऊस पुन्हा.)